फुलं देवाची, पिशवी कुणाची?

रा. रा. पिशवीवाले यांस,



तुमचं नाव मला माहीत नाही, पण तुमची गाठ मी ओळखते. पिशवीचे दोन्ही कान एकमेकांत ओवून, वर आणखी एक पीळ देऊन मारलेली ती गाठ महिनाभर चिखलात राहिली तरी सुटत नाही. रविवारी सकाळी आम्ही साफसफाईसाठी मुठेच्या पात्रात उतरतो, तेव्हा पुलाच्या खांबाशी, काठावरच्या झुडपांच्या मुळ्यांत आणि जलपर्णीच्या खाली तीच गाठ हाताला लागते. आमच्यातला एखादा परीक्षा आली की येत नाही, एखादा लग्नसराईत दांडी मारतो. तुमचा मात्र खाडा होत नाही. आमच्या मोहिमेला तुमच्याइतकं नियमित कोणी नाही.

पुलाच्या कठड्यावर जाळी बसवली, तेव्हा वाटलं होतं की आता तरी तुम्ही थांबाल. तुम्ही पिशवी जाळीच्या वरून भिरकवायला शिकलात. गाडी बाजूला घेता, इंजिन चालूच ठेवता, पिशवी कपाळाला लावता आणि एका झटक्यात ती पलीकडे जाते. सराईत हात आहे तुमचा. नदीकडे पाठ फिरवून तुम्ही निघून जाता. पिशवी पाण्यात पडली की खालच्या गाळात, हेही बघायला थांबत नाही. देवाला वाहिलेल्या वस्तूला एवढी घाईची पाठवणी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

हे पत्र लिहायला निमित्त घोषणांचं. येत्या रविवारच्या मोहिमेसाठी घोषणा लिहायचं काम माझ्याकडे आलं. स्वयंसेवकांनी भराभर सुचवल्या. ‘नदी वाचवा, जीवन वाचवा.’ ‘स्वच्छ नदी, सुंदर शहर.’ ‘नदी आमची माता, तिचे आम्ही त्राता.’ मी त्या कागदावर उतरवल्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहिला : हे वाचून पिशवीवाल्याचा हात थांबेल का? एकीलाही होकार देता येईना. कारण ‘नदी वाचवा’ हे तुम्हालाही मान्य आहे. तुम्ही पुलावरून जाताना ते वाचाल, मान डोलवाल, मुलांना वाचून दाखवाल आणि पिशवी टाकाल. त्या वाक्यात तुम्ही नाहीच. तुमचा हात नाही, तुमची गाठ नाही, पूजेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ नाही. ज्या घोषणेला गुन्हेगारही मनापासून टाळी देतो, ती आम्ही कोणासाठी द्यायची?

म्हणून आता घोषणा थेट तुम्हालाच लिहायच्या असं ठरवलं. त्या कशा लिहिल्या, हे तुम्हाला कळलेलं बरं.

आधी तुमच्या पिशवीत काय असतं ते बघू. झेंडूचे हार, दुर्वा, आंब्याची पानं, विड्याची पानं, नारळाची शेंडी. इथपर्यंत सगळं मातीत जाणारं. पण हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला असतो. त्यात चमकीच्या पट्ट्या असतात. शिवाय उदबत्तीचा पुडा, कापराचं वेष्टन, तेलाची रिकामी बाटली, थर्माकोलचा तुकडा आणि कधी कधी देवाची जुनी तसबीर, तीही काचेसकट. गाळात हात घालणाऱ्याला ती काच दिसत नाही. रबरी हातमोजा ती आरपार चिरते. देवाची तसबीर घरात ठेवायला जड वाटली, म्हणून तुम्ही ती अशा ठिकाणी टाकलीत, जिथे ती कोणाच्या तरी तळहातात घुसणार होती.

झेंडूचं म्हणाल, तर तो मोकळा मातीत पडला तर दीड-दोन महिन्यांत त्याची माती होते. तुम्ही त्याला प्लास्टिकमध्ये कोंडता. आत हवा नाही, म्हणून तो कुजतो, काळा पडतो, त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. आत वायू धरला की पिशवी फुगून तरंगते आणि पुढच्या पुलापर्यंत जाते. फुटली की तिच्यात गाळ भरतो. गाळ भरलेली पिशवी ओढून काढताना ती फाटते, मग दाताळ्याने खरवडावी लागते. घमेल्यातून वर आणलेलं असं चिखलाचं प्लास्टिक भंगारवालाही घेत नाही, कारण ते धुण्याचा खर्च त्याच्या मोलापेक्षा जास्त. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि तुमच्या पिशव्या काठच्या झाडांवर चढतात. पूर ओसरल्यावर पाणी कुठवर आलं होतं, हे त्या फांद्यांवरच्या चिंध्यांवरून कळतं. तुम्ही टाकता ते वाहून जात नाही. ते पुढच्या माणसाच्या दारात जाऊन थांबतं.

हे सगळं बघून मला पहिली घोषणा सुचली : ‘फुलं देवाची, पिशवी कुणाची?’

तिच्यात मी तुमच्या श्रद्धेला हात लावलेला नाही. फुलं देवाची आहेत हे मी आधीच मान्य केलंय, तेव्हा ‘तुम्ही धर्माच्या आड येता’ असं म्हणायला तुम्हाला जागा राहत नाही. प्रश्न फक्त पिशवीचा आहे. देवाने मागितलेली नाही, नदीने मागितलेली नाही. मग ती कुणाची? उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात उपदेश करण्याऐवजी प्रश्न विचारायचे. उत्तर समोरच्या माणसाच्या तोंडून निघायचं आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर नाकारता यायचं नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याला जे लागू पडलं, ते पुण्यातल्या चारचाकीवाल्याला का लागू पडू नये?

घोषणा म्हणायलाही सोपी हवी. रविवारी सकाळी काठावरून पात्रापर्यंत साखळी करून घमेली वर देताना एकजण ‘फुलं देवाची’ म्हणेल, बाकीचे ‘पिशवी कुणाची?’ म्हणतील. दोन्ही तुकडे जवळजवळ सारख्या लांबीचे आहेत आणि दोन्ही ‘ची’वर संपतात, त्यामुळे आवाज लांबवता येतो. ‘पर्यावरणसंवर्धन’ हा शब्द घमेलं उचलताना कोणाच्या तोंडात बसत नाही. मी म्हणून पाहिला. दम लागतो.

पण काठावर म्हटलेली घोषणा तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, हे मला आता पक्कं कळलंय. रविवारी सात वाजता नदीपात्रात घोषणा ऐकायला कोण असतं? आम्हीच. जे आधीच चिखलात उभे आहेत, त्यांना ‘कचरा टाकू नका’ सांगून काय मिळणार? रविवारची घोषणा हात चालते ठेवण्यासाठी असते. तुमच्यासाठीची घोषणा पुलावर हवी, आणि तुम्ही येता त्या दिवशी हवी. ते दिवस पंचांगात बघून आधी सांगता येतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा शुक्रवारी सकाळी उतरते, तेव्हा शुक्रवार सकाळ. दसऱ्याची तोरणं दोन-तीन दिवसांनी. सर्वपित्री अमावास्येचा दुसरा दिवस. आणि गणपती-गौरी तर आहेतच. त्या दिवशी आमची माणसं कापडी फलक हातात धरून पुलावर असतील.

फलक कापडीच. फ्लेक्स छापला तर तासाभरात मिळतो, स्वस्तही पडतो, पण मोहीम संपल्यावर तो नदीकाठच्याच झोपडीच्या छपरावर जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पात्रात. नदी साफ करायला निघालेल्यांनी स्वतःचं प्लास्टिक मागे ठेवून जायचं नाही. कठड्यावर रंगवायचंही नाही. परवानगीशिवाय सार्वजनिक जागेवर लिहिणं १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा ठरतं, आणि पूल तुम्ही विद्रूप करताय तेवढा पुरे आहे.

तुम्ही पुलावर ताशी ३० किलोमीटरने येता असं धरू. म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त. रंगाऱ्यांचा ठोकताळा असा की दर १० फुटांना अक्षराची उंची एक इंच ठेवली तर ते आरामात वाचता येतं. २० मीटरवरून वाचायचं, तर अक्षर साडेसहा-सात इंचांचं हवं. २० मीटर तुम्ही अडीच सेकंदांत कापता. गाडी चालवताना अडीच सेकंदांत माणूस फार तर चार-पाच शब्द वाचतो असं धरू. जोडाक्षरं आली की डोळा अडखळतो आणि जाड ब्रशने रंगवताना ती भरूनही जातात. ‘फुलं देवाची, पिशवी कुणाची?’ यात शब्द चार आणि जोडाक्षर एकही नाही. तीन फूट पन्ह्याच्या मांजरपाटावर सात इंची अक्षरांच्या दोन ओळी वेलांटी-उकारांसकट नीट बसतात. कापडाला मधे मधे अर्धगोल चिरा दिल्या की थोडा वारा त्यातून निघून जातो, फलक धरणाऱ्याच्या हाताला ओढ जराशी कमी बसते. ‘निर्माल्य’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. रफार आणि ल्य एकाच शब्दात. तो २० मीटरवरून काळा ठिपका दिसतो.

आता एका गोष्टीवर आमच्यात वाद झाला, तो तुमच्यासमोर मांडते. आमच्यातल्या एका तरुणाचं म्हणणं होतं की फलकावर लिहावं, ‘पुणेकरांनी नदीचं गटार केलं!’ राग खरा होता. तरीही मी नको म्हटलं. आपल्याकडे ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी ज्या कोपऱ्यावर असते, नेमका तिथेच ढीग असतो. पाटी बघून लोकांना कळतं की कचरा टाकायची जागा ही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. दगड झालेल्या प्राचीन लाकडाचे तुकडे तिथून लोक खिशात घालून नेत. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाटेवर खूण केलेले तुकडे ठेवून वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं’ अशा अर्थाच्या पाटीजवळचे १०० पैकी जवळजवळ आठ तुकडे गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ असं साधं सांगणाऱ्या पाटीजवळचे दोनसुद्धा गेले नाहीत. सगळेच करतात असं सांगितलं की करणाऱ्याला सोबत मिळते. ‘नदीचं गटार झालं’ हे मी सात इंची अक्षरांत लिहिलं, तर तुम्ही सुटकेचा श्वास टाकाल : गटारच आहे ना, मग माझ्या एका पिशवीने काय होतं?

त्याच तरुणाने दुसरं सुचवलं, तुमच्या गाडीच्या नंबराचा फोटो काढून लावायचा. तेही मी नको म्हटलं, आणि तुमच्यावर दया म्हणून नव्हे. चारचौघांत लाज काढलेला माणूस सुधारतो कमी आणि अंधारात येतो जास्त. रात्री अकराला टाकलेली पिशवी सकाळी आम्हालाच काढायची असते.

तुमच्याकडे आणखी एक उत्तर तयार आहे, ते मी पुलावर ऐकलंय. ‘अहो, अख्ख्या शहराचं सांडपाणी नदीत सोडतात, ते बंद करा आधी.’ बरोबर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक, आणि मुळा-मुठा त्यात होती. हे प्रदूषण मुख्यतः सांडपाण्याचं आहे. आम्ही कितीही रविवार पात्रात उतरलो तरी त्या पाण्याचा एक थेंबही शुद्ध होत नाही, हे आम्ही घमेलं हातात घेऊनच मान्य करतो. जपानच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं बांधायची योजना केंद्राने मंजूर केली. त्या केंद्रांवर नजर ठेवणं हे वेगळं काम, त्याची घोषणा वेगळी : ‘आधी शुद्ध करा, मग सोडा.’ ती पुलावर लावायची नाही, कारण तुम्ही मैलापाणी सोडत नाही. ती महापालिकेच्या दारात न्यायची. पण शुद्धीकरण केंद्र तुमची पिशवी शुद्ध करत नाही. उद्या सगळं सांडपाणी स्फटिकासारखं स्वच्छ होऊन नदीत आलं, तरी तुमची गाठ तशीच खांबाशी अडकलेली असेल. महापालिकेच्या पापामागे उभं राहून स्वतःचं पाप भिरकवायचं, ही सोय आम्ही तुम्हाला देणार नाही.

नुसतं ‘टाकू नका’ म्हणून भागत नाही, हेही खरं. पूजा झाली, फुलं हातात आहेत, ती कचऱ्याच्या डब्यात टाकवत नाहीत. माझ्याही आईला टाकवत नाहीत. म्हणून पुलाच्या तोंडाशी, तुम्ही गाडी हळू करता तिथे, फुलांसाठी एक टब आणि दुसरा फलक : ‘गाठ सोडा. फुलं टबात द्या. पिशवी घरी न्या.’ या फलकावर शब्द जास्त आहेत. चालेल, कारण इथे तुम्ही थांबलेले असाल. तीन कामं, तिन्ही हाताने करायची, ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने. पहिलं काम सगळ्यांत महत्त्वाचं. पिशवीसकट टबात टाकलीत तर पुढचं सगळं आम्हाला करावं लागतं. गाठ स्वतः सोडलीत की आतला नायलॉनचा दोरा, पुडे आणि तसबीर तुम्हाला दिसते. त्यातलं अर्धं तुम्ही आपणहून परत घेऊन जाल, असा माझा विश्वास आहे.

हा फलक टब असेल तेव्हाच धरायचा आणि टब भरला की खाली घ्यायचा, असा आमचा नियम आहे. ‘कलशात टाका’ म्हणायचं आणि कलश दोन दिवस ओसंडून वाहत असायचा, हे तुम्ही अनेक ठिकाणी पाहिलंय. अशी पाटी खोटी ठरली की पुढच्या दहा खऱ्या पाट्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. तुम्ही तरी का ठेवावा?

फलकाचा उपयोग झाला की नाही, हे आम्ही तुमच्या चेहऱ्यावरून ठरवणार नाही. रविवारी पुलाखालच्या ठरावीक टप्प्यात ताज्या पिशव्या वेगळ्या मोजायच्या. ताजी ओळखणं अवघड नाही : आतली फुलं अजून पिवळी असतात, गाठीत गाळ शिरलेला नसतो. काळी पडलेली फुलं आणि मातीने भरलेली पिशवी जुनी, तिचा दोष नव्या फलकाला द्यायचा नाही. फलक नसलेल्या शेजारच्या पुलाखालीही त्याच दिवशी तसंच मोजायचं. सणाचा आठवडा आणि साधा आठवडा यांची तुलना करायची नाही. दोन्ही पुलांखाली ताज्या पिशव्या सारख्याच निघाल्या, तर घोषणा कितीही यमकात असो, ती पुसून नवी लिहायची.

पुलापर्यंत यायचंच नसेल, तर त्याहून चांगलं. हाराचा दोरा ओढून काढा, फुलं कुस्करा, तळाला भोक असलेल्या जुन्या कुंडीत वाळक्या पानांचा थर देऊन त्यावर टाका, वरून मूठभर माती. दर आठवड्याला असंच. पाणी शिंपडायचं, पण चिखल होऊ द्यायचा नाही. वास आला तर पाणी जास्त झालंय, वाळकी पानं वाढवा. दोन महिन्यांनी त्यात तुळस लावता येते. तसबीर असेल, तर चौकट आणि काच वेगळी करा, काच कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असं लिहून कचरावेचक ताईंच्या हातात द्या. तीही माणसं आहेत, त्यांनाही तळहात आहेत.

या शुक्रवारी सकाळी साडेसहापासून आम्ही पुलावर टब घेऊन उभे आहोत. तुम्ही या. गाडी बंद करा, गाठ स्वतःच्या हाताने सोडा, फुलं टबात ओता आणि पिशवी घडी करून खिशात घाला. आणि जमलं तर रविवारी सकाळी सात वाजता गमबूट घालून खाली पात्रात या. खांबाशी तुमच्या बऱ्याच जुन्या गाठी अजून काढायच्या राहिल्या आहेत.

आपली,
मुठेकाठची एक स्वयंसेविका